‘वेर्कटाग्स’मध्ये शनिवार येतो

प्रश्न: परदेशात फिरणारे नातेवाईक कधी कधी रस्त्यावरच्या पाटीचा नुसता फोटो पाठवतात, सोबत एक शब्दही नसतो. अशा वेळी त्यांना पाटीचा अर्थ हवा असतो, भाषांतर हवे असते की नियम?

गाडी उभी करण्यासंबंधीची पाटी असेल, तर भाषांतर मुळीच करू नये. हे मी इतक्या ठामपणे लिहितो आहे, कारण मी एकदा ते केले, अगदी अचूक केले, आणि त्यावरून माझ्या बहिणीच्या घरी तीन वर्षे चाललेला वाद अजून मिटलेला नाही.

मी स्टुटगार्टला सोळा वर्षे राहतो. तीन वर्षांपूर्वी ताई, भावोजी आणि भाचा जर्मनीत फिरायला आले होते. त्यांनी भाड्याची गाडी घेतली होती आणि ती भाचा चालवत होता. एका शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास, मी बाजारात भाजीच्या रांगेत उभा असताना, त्याच्याकडून फोनवर एक फोटो आला. फोटोत पांढऱ्या आयताकृती पाटीवर काळ्या अक्षरांत ‘वेर्कटाग्स’ हा एक शब्द होता आणि त्यापुढे ८ ते १८ अशी वेळ होती. नमस्कार नाही, प्रश्न नाही, साधे प्रश्नचिन्हसुद्धा नाही. एका हातात पिशवी असताना मी दुसऱ्या हाताने उत्तर टाइप केले: ‘कामाच्या दिवशी, सकाळी ८ ते संध्याकाळी ६.’ त्यावर अंगठा आला आणि मी कोथिंबीर निवडू लागलो.

भाच्याने हिशेब केला, की आज शनिवार, म्हणजे सुट्टी, म्हणजे पाटी आज लागू नाही. भारतातल्या माहिती तंत्रज्ञानाच्या कंपनीत नोकरी करणाऱ्या मुलाने ‘कामाचे दिवस’ म्हणजे सोमवार ते शुक्रवार असे समजावे, यात त्याची काहीच चूक नव्हती. अडचण अशी, की जर्मनीत ‘वेर्कटाग’ या शब्दात शनिवार येतो. रविवार आणि कायदेशीर सुट्ट्या सोडून उरलेला प्रत्येक दिवस वेर्कटाग असतो. रजेसंबंधीच्या १९६३ च्या जर्मन कायद्यात त्याची व्याख्या याच शब्दांत केलेली आहे आणि रस्त्यावरच्या पाट्यांवरही तो शब्द याच अर्थाने वाचला जातो. कचेऱ्यांचा आठवडा पाच दिवसांचा झाला म्हणून पाटीवरचा आठवडा पाच दिवसांचा होत नाही. नगरपालिकेला शनिवार वगळायचा असेल, तर ती पाटीवर सोमवार आणि शुक्रवार यांची आद्याक्षरे लिहिते. हे मला ठाऊक होते. सोळा वर्षे इथे राहणाऱ्या कोणालाही ते ठाऊक असते, आणि नेमके त्यामुळेच ते सांगायला हवे असे माझ्या मनातही आले नाही.

गाडी तिथे दोन तास उभी होती. त्या पांढऱ्या पाटीच्या वर, भाच्याने फोटोत न घेतलेली मुख्य पाटी होती: निळी, गोल, लाल किनारीची, एक तिरकी लाल रेघ असलेली. एक रेघ म्हणजे ‘मर्यादित थांबा-बंदी’. तिथे माणसे चढवता-उतरवता येतात, सामान भरता-काढता येते. एरवी तीन मिनिटांपेक्षा जास्त थांबले किंवा गाडी सोडून निघून गेले, की ते ‘पार्किंग’ ठरते आणि पार्किंगला तिथे मनाई असते. दोन रेघांची फुली असेल तर थांबायलाच बंदी. मर्यादित बंदीच्या जागी गाडी लावल्याचा दंड २५ युरो आहे आणि तासापेक्षा जास्त वेळ लावल्यास तो ४० होतो. काचेवर चिठ्ठी नव्हती. पत्र गाडी भाड्याने देणाऱ्या कंपनीकडे गेले, कंपनीने भाच्याचा पत्ता कळवला, आणि दंडाव्यतिरिक्त स्वतःचे ‘प्रक्रिया शुल्क’ त्याच्या कार्डावरून परस्पर वळते करून घेतले. पाच आठवड्यांनी पुण्याहून भावोजींचा फोन आला.

भावोजींचे म्हणणे होते, की आम्ही तुला नियम विचारला आणि तू शब्दांचे भाषांतर पाठवलेस. माझे म्हणणे होते, की विचारले काहीच नव्हते. जे पाठवले होते ते मी वाचून दाखवले. मी त्यांना असेही सुनावले, की अर्धी पाटी पाठवायची आणि पूर्ण उत्तराची अपेक्षा करायची, हा कुठला न्याय? इथे माझी बाजू खरोखर भक्कम आहे. जर्मनीत पांढरी पुरवणी पाटी तिच्या लगेच वर असलेल्या मुख्य पाटीला लागू होते आणि तिच्यावाचून तिला अर्थच नसतो. तीच ‘वेर्कटाग्स, ८ ते १८’ ही पाटी थांबा-बंदीखाली असेल, तर त्या वेळेत गाडी लावता येत नाही आणि त्या वेळेबाहेर लावता येते. तीच पाटी ‘पी’ अक्षराच्या निळ्या चौकोनाखाली, गाडी कधी लावली ते दाखवणाऱ्या पुठ्ठ्याच्या तबकडीच्या चित्रासह असेल, तर त्या वेळेत गाडी लावता येते, मात्र तबकडी ठेवून. त्या वेळेबाहेर तबकडीचीही गरज नसते. शब्द तेच, पण एका खांबावर ते बंदी घालतात आणि दुसऱ्यावर परवानगी देतात. त्यामुळे नुसत्या पुरवणी पाटीचा फोटो आला, तर एकच उत्तर योग्य आहे: ‘चार पावले मागे जा आणि संपूर्ण खांबाचा फोटो पाठव.’ ते मी त्या दिवशी लिहिले नाही, एवढे मला मान्य करावे लागते.

तबकडीचा विषय निघालाच आहे, तर भाषांतर बरोबर असूनही निरुपयोगी कसे ठरते याचे ते सर्वांत स्वच्छ उदाहरण आहे. ‘पी’, खाली तबकडीचे चित्र आणि ‘२ तास’. याचे भाषांतर ‘दोन तास पार्किंग’ असे होईल आणि त्यात एक अक्षरही चुकलेले नसेल. परंतु ज्याने गाडीत निळी पुठ्ठ्याची तबकडी ठेवली नाही, त्याला पाचव्या मिनिटालाही दंड होऊ शकतो. शिवाय त्या तबकडीचा काटा तुम्ही आलात त्या वेळेवर लावायचा नसतो. त्यानंतर येणाऱ्या अर्ध्या तासाच्या खुणेवर लावायचा असतो. दहा वाजून दहा मिनिटांनी आलात, तर काटा साडेदहावर, आणि गाडी साडेबारापर्यंत. यातले काहीही पाटीवर लिहिलेले नसते. पाटी ज्यांना नियम आधीच माहीत आहे त्यांना त्याची आठवण करून देते, परक्या माणसाला नियम शिकवणे हे तिचे काम नव्हे.

हे सर्व भावोजींना पटवून देताना मी एक युक्तिवाद केला, आणि तो माझ्यावरच उलटला. मी म्हणालो, ‘समजा, मी पुण्यात गाडी चालवतो आहे आणि तुम्हाला “पी १” एवढ्याच पाटीचा फोटो पाठवला. तुम्ही काय उत्तर द्याल?’ माझी अपेक्षा अशी, की ते म्हणतील, ‘पी १ म्हणजे पार्किंग एक,’ किंवा फार तर विषम तारखांना एका बाजूला आणि सम तारखांना दुसऱ्या बाजूला गाडी लावण्याची पद्धत समजावू लागतील. भावोजींनी भिंतीवरच्या कालनिर्णयकडे पाहिले आणि म्हणाले, ‘मी सांगेन, आज १७ तारीख आहे, लाव. उद्या सकाळच्या आत काढ.’

तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला वाटते हेच आहे, आणि ते भावोजींनी दिले हे मी फार आनंदाने लिहीत नाही. गाडीत बसून फोटो पाठवणाऱ्याला अर्थ, भाषांतर आणि नियम या तिन्हींपैकी काहीही नको असते. त्याला निर्णय हवा असतो. आता, इथे, मी गाडी लावू का? म्हणून पहिल्या वाक्यात निर्णय द्यावा, दुसऱ्यात तो कधीपर्यंत टिकतो ते सांगावे, आणि कारण विचारले तरच सांगावे. मी त्या शनिवारी ‘नको, आज शनिवार चालत नाही’ असे लिहिले असते, तर पाच शब्दांत काम झाले असते आणि कोथिंबीरही निवडून झाली असती.

अर्थात निर्णय द्यायचा तर जागा आणि तारीख कळायला हवी, कारण जर्मनीत ‘कायदेशीर सुट्टी’ सुद्धा राज्यागणिक बदलते. १ नोव्हेंबरला इथे बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये सुट्टी असते, म्हणून तो वेर्कटाग नव्हे आणि वरची पाटी त्या दिवशी लागू होत नाही. त्याच दिवशी हॅम्बुर्गमध्ये सुट्टी नसते, आणि तीच पाटी तिथे दंड करून जाते. म्हणून माझ्याकडे आता असा फोटो आला, की मी एकच प्रश्न उलट विचारतो: ‘कोणत्या गावात आहात आणि गाडी किती वाजेपर्यंत ठेवायची आहे?’ ज्याला केवळ कुतूहल आहे तो या प्रश्नाला हसतो आणि ज्याला गाडी लावायची आहे तो तत्काळ उत्तर देतो. वेगळे काही विचारावे लागत नाही.

बहुतेक वेळा फोटोच सांगतो. काचेतून घेतलेला, तिरका, कोपऱ्यात गाडीचे नाक दिसणारा फोटो असेल, तर समोरच्याची गाडी चालू आहे असे समजावे. सरळ, नीट मध्यभागी घेतलेला आणि रात्री हॉटेलवर पोहोचल्यानंतर पाठवलेला असेल, तर भाषांतर खुशाल करावे. माझी भाची जर्मन शिकते आणि ती पाट्यांचे फोटो पाठवते, तेव्हा तिला शब्दच हवे असतात. तिला ‘लावू नको’ असे उत्तर दिले तर ती चिडते. म्हणजे सुरुवातीला मी ‘मुळीच करू नये’ असे लिहिले, ते गाडीतल्या माणसापुरते घ्यावे. आणि पाटी तात्पुरती असेल, म्हणजे कोणाच्या घराच्या सामानाची ने-आण किंवा खोदकाम यासाठी पायावर उभी केलेली, तर तिच्यावर तारखा लिहिलेल्या असतात. त्या फोटोत वाचता येत नसतील, तर निर्णय देऊच नये, पुन्हा फोटो मागवावा.

भावोजी हे उत्तर वाचतील याची मला कल्पना आहे. त्या ४० युरोंपैकी २० मी तेव्हाही द्यायला तयार होतो आणि आजही आहे. प्रक्रिया शुल्क मात्र मी देणार नाही. ती गाडी मी निवडली नव्हती.