कथेतला फोटो इतके आठवडे का हुकतो?

कथा वाचली. तुझा नायक भिगवणला उजनीच्या काठावर आठवडेच्या आठवडे बसतो आणि एके दिवशी त्याला छोट्या खंड्याचा लख्ख फोटो मिळतो. पण आधीचे फोटो का बिघडले, हे कुठेच येत नाही. मग शेवटचा फोटो नुसती लॉटरी वाटते.

कारण दे. समज, तो ऊन चढल्यावर लांबून ६०० मिमी लेन्सने टिपतोय. काठ तापला की हवा थरथरते आणि पिसांचे बारकावे पुसले जातात. फोकस बरोबर, शटर १/३२०० सेकंद, तरी डोळा मऊच. बिचारा लेन्सला दोष देईल; हा भाग खुशाल रंगव. मग एकदा त्याला दिसू दे, की लागोपाठच्या फ्रेम वेगवेगळ्या तऱ्हेने बिघडल्यात. कॅमेरा हलला असता तर सगळं एकाच दिशेला ओढलं गेलं असतं.

आता उपाय त्यालाच सुचेल: उजाडायच्या आधी लपणात शिरायचं, तेही फांदीच्या जवळ. खंड्या ठरलेल्या फांदीवर परत येतो, हे सुरुवातीलाच पेरून ठेव.

आणि पाण्यात सूर मारतानाचा फोटो नको, तो फार वापरून झालाय. चोचीत मासा असू दे, माशाचं डोकं बाहेरच्या बाजूला. स्वतः खाताना खंड्या मासा डोक्याकडून गिळतो. असा धरलाय म्हणजे तो जोडीदाराला किंवा पिलांना भरवायचाय. हे नायकाला घरी फोटो मोठा करून पाहतानाच कळू दे.