मूर्ती ओळखताना: वाचकांचे प्रश्न

गावच्या विष्णुमूर्तीचे दोन फोटो मिळाले. चोवीस नावांचं कोष्टक लावलं तर एकात केशव निघतो, दुसऱ्यात माधव. मूर्ती तर एकच आहे!

दोहोंपैकी एक फोटो डावा-उजवा उलटा झालेला आहे. फिल्मची निगेटिव्ह उलटी छापली गेली किंवा मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्याने फोटो काढला की हे सर्रास होतं.

संध्येतल्या आचमनाची केशव, नारायण, माधव ही चोवीस नावं म्हणजे विष्णूचीच चोवीस रूपं. चारही हातांत तेच शंख, चक्र, गदा, पद्म. फरक फक्त कोणत्या हातात काय याचा. वाचायला सुरुवात मूर्तीच्या खालच्या उजव्या हातापासून करायची, म्हणजे फोटोत आपल्या डावीकडच्या खालच्या हातापासून. तिथून वर, मग पलीकडचा वरचा हात, मग त्याखालचा. घड्याळाच्या काट्यासारखं. पद्म, शंख, चक्र, गदा असा क्रम आला तर केशव. हाच फोटो उलटा केला की क्रम होतो गदा, चक्र, शंख, पद्म, आणि हा नेमका माधव! म्हणून चुकीचा फोटोही अगदी निर्दोष दिसतो, शंका येत नाही.

खरा फोटो कोणता हे जानव्यावरून ठरवा. ते मूर्तीच्या डाव्या खांद्यावरून उजव्या कुशीकडे उतरतं, म्हणजे फोटोत वर उजवीकडून खाली डावीकडे. तिरपं उलट दिसलं तर फोटो उलटा. छातीवर श्रीवत्साची खूण असेल तर तीही मूर्तीच्या उजव्या बाजूला हवी. पीठावर अक्षरं कोरलेली असतील तर प्रश्नच मिटला.

पद्माकडे मात्र नीट बघा. काही मूर्तींत खालचा उजवा तळवा समोर उघडा असतो आणि कमळ त्या तळव्यातच छोटंसं कोरलेलं असतं. नुसती वरदमुद्रा समजून ते सुटतं आणि क्रम अडतो. शेंदूर किंवा तेलाचे थर असतील तर फ्लॅश नको, बाजूने तिरपा प्रकाश टाका आणि प्रत्येक हाताचा वेगळा फोटो घ्या.

आणखी एक. अग्निपुराण, रूपमंडन वगैरे ग्रंथांच्या याद्या काही नावांबाबत जुळत नाहीत. तेव्हा नोंदीत नुसतं नाव लिहू नका. चारही हातांचा क्रम लिहून मग कोणत्या ग्रंथाप्रमाणे नाव दिलं तेही लिहा.

आमच्या मूर्तीचे दोन हात तुटले आहेत. तरी नाव सांगता येईल का?

एकच हात गेला असता तर आलं असतं, कारण चार वस्तू एकेकदाच येतात. उरलेली चौथी आपोआप ठरते. दोन गेले की दोन नावं शक्य राहतात. पण हात तुटला तरी गदेचा दांडा बऱ्याचदा पायाजवळ पीठावर टेकलेला शाबूत असतो. तो सापडला की एकच नाव उरतं. खालच्या भागाचा फोटो नसेल तर आधी तो काढा.

वेरूळच्या ३२ क्रमांकाच्या लेण्यात हत्तीवर इंद्र आणि सिंहावर इंद्राणी असं सांगितलं गेलं. फोटोत तिच्या मांडीवर मूलही आहे. हे बरोबर आहे का?

नाही. नुसत्या वाहनावरून नाव ठेवलं की असं होतं. हे लेणं जैन आहे. हत्तीवरचा पुरुष म्हणजे जैन यक्ष. त्याला इंद्र समजल्यामुळे लेण्याला ‘इंद्रसभा’ म्हणू लागले आणि समोरच्या देवीला ओघानेच इंद्राणी. पण इंद्राणीचं वाहनही हत्तीच, सिंह नव्हे.

फोटोत देवीच्या डोक्यावर बघा: पानाफळांनी लगडलेलं आंब्याचं झाड आहे. आंबा, मूल आणि सिंह एकत्र आले की ती अंबिका, बाविसावे तीर्थंकर नेमिनाथ यांची यक्षी. सिंह पाहून दुर्गाही म्हणू नका. महिषासुरमर्दिनी शस्त्रं उगारून, रेड्यावर पाय रोवून लढताना दिसते. ही एक पाय खाली सोडून निवांत बसली आहे.

देवघरातल्या टाकावर घोडेस्वार आहे. खंडोबा म्हणायचं का?

घोडा पुरेसा नाही. जोतिबाही घोड्यावर असतो, आणि खड्ग, त्रिशूळ, डमरू, पात्र हीच त्याच्याही हातांत. पूर्वजांच्या वीराचा टाकसुद्धा घोडेस्वाराचाच असतो. सोबत घोड्यावर म्हाळसा, पायाशी कुत्रा किंवा घोड्याखाली मणी-मल्ल दिसले तर बिनदिक्कत खंडोबा म्हणा. यातलं काहीच नसेल आणि स्वार दोन हातांचा, नुसत्या तलवारीचा असेल, तर फोटोवरून निकाल देता येणार नाही. कुलदैवत कोणतं आणि टाक कोणाच्या नावे घडवला, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. फोटोसाठी टाक घासून चकाकवू नका. पातळ पत्र्यावरचा उठाव आधीच झिजलेला असतो, त्यात कुत्रा सगळ्यात आधी जातो.