प्रायोगिक भाग आटोपशीर लिहिताना

तुमच्या मसुद्यात बेंझोफेनोनच्या क्षपणाविषयी ‘जास्तीचे सोडियम बोरोहायड्राइड घालून रात्रभर ढवळले’ एवढेच आहे, आणि त्यावरून दुसऱ्या प्रयोगशाळेला काहीच करता येणार नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘बेंझोफेनोन (१.८२ ग्रॅम, १०.० मिलिमोल) मिथेनॉलमध्ये (२० मिली) विरघळवून, ०° सेल्सिअसला सोडियम बोरोहायड्राइड (०.१९ ग्रॅम, ५.० मिलिमोल) १० मिनिटांत थोडे थोडे घातले व २५° सेल्सिअसला १ तास ढवळले.’ चंबूचे वर्णन खुशाल गाळा (ते कोणी वाचत नाही), पण मिळालेल्या बेंझहायड्रॉलचे वजन, उतारा आणि द्रवणांकाची मर्यादा गाळू नका, कारण मूळ कीटोन शिल्लक राहिल्यास द्रवणांक ६५–६७° सेल्सिअसपेक्षा खाली घसरतो आणि ती मर्यादा रुंदावते.