फोटोतला ग्रोथ चार्ट कसा वाचायचा

ताई, आधी चार्ट मुलीचा आहे ना ते बघ, वरती लिहिलेलं असतं, मुलांच्या चार्टवर मुलीचं वजन लावलं की उगाच कमी दिसतं. मग वय: जन्म १० जानेवारीचा, पंचवटीतल्या दवाखान्यात वजन केलं १४ जुलैला, म्हणजे ६ महिने पूर्ण. आडव्या रेषेवर ६ शोध, तिथून वर जा, डावीकडून ६.८ किलो पकडून आडवी ये, जिथे भेटतील तो तिचा ठिपका.

फोटो तिरका असला ना की गडबड होते, मोबाईलवर सरळ पट्टी ठेवू नकोस, चार्टवरची छापील चौकटीची रेषच बोटाने धरून जा. आणि एक छोटा चौकोन किती किलोचा ते आधी मोजून घे.

डब्ल्यूएचओच्या चार्टवर ६ महिन्यांच्या मुलीची १५ ची रेषा साधारण ६.४ वर आणि ५० ची ७.३ वर असते, म्हणजे आपली १५ ते ५० च्या पट्ट्यात. हे परीक्षेचे मार्क नाहीत गं, १०० पैकी साधारण १५ मुली तिथे १५ च्या रेषेखाली असतात आणि बऱ्याच ठणठणीत असतात. मागच्या महिन्यांचे ठिपकेही लाव, ते रेषा ओलांडत खाली येत असतील तर डॉक्टरांना दाखव.