हार्डवेअर आवडतं, पण एम्बेडेडमध्ये शिरायचं कसं?

प्रश्न: "ई अँड टीसीच्या शेवटच्या वर्षाला आहे, सांगलीत. आर्डुइनोवर प्रोजेक्ट केलेत. पुण्यात सहा महिन्यांचा एम्बेडेड कोर्स लावू का? फी बरीच आहे, पण ते प्लेसमेंट देतो म्हणतात."

फी भरण्याआधी हे वाच, कारण असाच एक कोर्स मी केला होता. नाव घेत नाही. तिथे सगळं तयार किटवर, सेन्सर आधीच सोल्डर केलेले, आपण फक्त शीटवरचा प्रोग्राम टाइप करून बर्न करायचा. ऑसिलोस्कोप होता पण कपाटात कुलूप लावून. काही चाललं नाही की सर म्हणायचे परत बर्न कर. आणि प्लेसमेंट म्हणून पाठवलं मोबाईल ॲपच्या मॅन्युअल टेस्टिंगच्या इंटरव्ह्यूला. फी गेली त्याचं एकवेळ जाऊदे, जवळजवळ वर्ष गेलं त्याचा राग अजून आहे.

खरं शिक्षण भोसरीत एका छोट्या कंट्रोलर बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये ट्रेनी म्हणून झालं. स्वतःचा बोर्ड, एसटीएम३२ मायक्रोकंट्रोलर आणि आयटूसीवर, म्हणजे डेटा आणि क्लॉक अशा दोन लाइनींच्या बसवर, टेंपरेचर सेन्सर. क्लॉक १० किलोहर्ट्झ ठेवला की रीडिंग येतं, ४०० केला की सेन्सर उत्तरच देत नाही. कोड तोच, आणि मॉड्यूल जोडून ब्रेडबोर्डवर तर मस्त चालत होतं. लॉजिक ॲनालायझर लावला तर तो फक्त नॅक, म्हणजे सेन्सरचं उत्तर आलं नाही एवढंच दाखवतो, कारण त्याला शून्य आणि एक एवढंच कळतं. सिनियरने स्कोप लावला, तेव्हा दिसलं की लाइन खाली झटकन येते पण वर जाताना हळूहळू चढते, पूर्ण चढायच्या आत पुढचा बिट सुरू.

कारण असं की आयटूसीच्या लाइनी ओपन ड्रेन असतात. चिप लाइन फक्त खाली ओढते, वर नेण्याचं काम पुल-अप रेझिस्टरचं. बाजारातल्या मॉड्यूलवर तो बहुतेक वेळा आधीच असतो म्हणून आर्डुइनोवाल्याला त्याचा पत्ता लागत नाही. आमच्या बोर्डवर तो टाकलेलाच नव्हता, कोणीतरी चिपच्या आतला पुल-अप ऑन करून भागवलं होतं आणि तो साधारण ४० किलोओहमचा. लाइन वर चढायला लागणारा वेळ t, पुल-अप R आणि लाइनचं कपॅसिटन्स C धरलं तर हिशोब सोपा आहे:

```
t = 0.85 × R × C
```

ट्रॅक आणि पिन मिळून १०० पिकोफॅरड धर. ४० किलोओहमला ३.४ मायक्रोसेकंद येतात. ४०० किलोहर्ट्झला परवानगी फक्त ३०० नॅनोसेकंदांची, आणि अख्खी सायकलच २.५ मायक्रोसेकंदांची. ४.७ किलोओहम टाकला तरी ४०० नॅनोसेकंद, म्हणजे १०० किलोहर्ट्झला चालेल, ४०० ला नियमात बसत नाही. २.२ टाकला, १८७ आले, काम झालं. फार खालीही जायचं नाही, ३.३ व्होल्टला साधारण १ किलोओहमच्या खाली गेलास तर चिपला लाइन नीट खाली ओढता येत नाही. म्हणूनच चार-पाच मॉड्यूल एकाच बसवर जोडली की कधीकधी गडबड होते, सगळ्यांचे पुल-अप पॅरलल होतात ना.

एवढं लांबण लावलं कारण मी आता फ्रेशर्सचे इंटरव्ह्यू घेतो आणि माझा पहिला प्रश्न बहुधा याच जातीचा असतो. आर्डुइनोची लायब्ररी वापरणारे खूप भेटतात, रेफरन्स मॅन्युअल उघडून टायमर किंवा युआर्टचे रजिस्टर स्वतः लावलेले कमी, आणि की-कॅड या पीसीबी सॉफ्टवेअरमध्ये स्वतःचा टू-लेयर बोर्ड काढून त्यातला फॉल्ट शोधलेले अगदीच थोडे. माझ्या मते चढायचा क्रम हाच, आणि फ्रीआरटीओएस ही रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टम त्यानंतर. सी येतं हे धरून चाललोय. व्होलाटाइल का लागतं हे सांगता येत नसेल तर आधी तिथे जा.

नोकऱ्यांबद्दल, मी पुण्याच्या ऑटोमोटिव्हमध्ये आहे तेवढंच बोलू शकतो, चिप डिझाइन माझा प्रांत नाही. इथे मोठ्या कंपन्यांत कॅन बस हे गाडीतलं नेटवर्क आणि ऑटोसार हे गाडीच्या सॉफ्टवेअरचं स्टँडर्ड विचारतात, फ्रेशरला बरेचदा आधी व्हॅलिडेशनला टाकतात. ते ॲप टेस्टिंगसारखं नसतं हां, हिल बेंचवर, म्हणजे खऱ्या गाडीऐवजी सिम्युलेटरला, ईसीयू म्हणजे गाडीचा कंट्रोलर लावून सेन्सरच्या वायर तोडून-शॉर्ट करून बघायचं काम असतं, घ्यायला हरकत नाही. पण हार्डवेअरच आवडत असेल तर भोसरी, चाकण, नाशिकचं सातपूर-अंबड इथल्या ड्राइव्ह, मीटर, चार्जर बनवणाऱ्या छोट्या कंपन्या बघ. पगार कमी मिळतो पण स्केमॅटिकपासून फिल्ड रिटर्नपर्यंत सगळं हातातून जातं. हे माझं मत, दुसरे वेगळं सांगतील.

कोर्स करायचाच असेल तर सी-डॅकचा डेस्ड हा एम्बेडेडचा पीजी डिप्लोमा बघ, त्याला सी-कॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. बाकी कुठेही गेलास तर फीचं बोलण्याआधी लॅब दाखवा म्हण, स्कोप किती मुलांत एक आणि पीसीबी स्वतः काढायला देता का, हे विचार. आणि तुझ्या प्रोजेक्टमधला एखादा मॉड्यूल काढून नुसती सेन्सरची चिप आपल्या बोर्डवर लावून बघ, अडलं तर सर्किट इथे टाक, पुल-अपच्या व्हॅल्यूसकट.