निबंधात धडा किती, तू किती?

«सर, मी बारावी कॉमर्सला आहे आणि कॉमन ॲपवरून अमेरिकेतल्या कॉलेजांना अर्ज करतेय. अर्थशास्त्राच्या तासाला बाईंनी हार्डिन आणि ऑस्ट्रॉम यांचे सामाईक साधनांबद्दलचे विचार सांगितले, तेव्हापासून माझं मतच बदललं. त्यावर निबंध लिहिला, पण बाई म्हणतात, हा धड्याचा सारांश झालाय. आमचं शेत खाजनात, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या जमिनीत आहे, तेही शेवटी लिहिलंय. निबंध सोबत पाठवतेय. काय चुकतंय? — स., तिसवाडी»

प्रिय स.,

बाईंचं म्हणणं बरोबर आहे. पण तुझा खरा निबंध याच मसुद्यात आहे, फक्त तो शेवटच्या चार ओळींत दडलाय.

एक पेन्सिल घे. जी वाक्यं तुझ्या वर्गातली कुठलीही मुलगी लिहू शकली असती, त्यांच्याखाली रेघ ओढ. सामाईक कुरणात जो तो आपली गुरं वाढवतो आणि कुरण संपतं, हे हार्डिन यांनी 1968 मध्ये मांडलं. ऑस्ट्रॉम यांना 2009 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. ही सगळी माहिती रेघेखाली जाईल. अर्ज वाचणाऱ्याला ती एका मिनिटात सापडते. तू आधी काय मानत होतीस, हे मात्र त्याला तुझ्याशिवाय कोणी सांगू शकत नाही.

आणि ते तू लिहिलंयस. ‘पप्पा म्हणतात, बांध कोणाचाच नाही, सरकारनंच बांधायला हवा. मलाही तेच वाटायचं.’ निबंध इथून सुरू कर. हार्डिन यांचा उपायही जवळपास हाच होता : जमीन खासगी करा, नाहीतर सरकारी नियंत्रणाखाली आणा. म्हणजे तुमच्या घरात बोललं जाणारं वाक्य आणि वर्गातला सिद्धांत एकाच बाजूला उभे होते. ऑस्ट्रॉम यांनी दाखवलं की वापरणारे लोक स्वतः नियम करून, राखणदार नेमून आणि चूक जेवढी तेवढाच दंड ठेवून सामाईक साधन पिढ्यान्‌पिढ्या टिकवू शकतात. दोघांचं मिळून सव्वाशे शब्दांत आटप. कॉमन ॲपच्या निबंधाला 650 शब्दांची मर्यादा आहे. उरलेली जागा तुझी.

तुझा मसुदा पुढे घसरतो तो इथे. ‘आमच्या गावकारीनं, गावची जमीन सामाईकपणे सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेनं, शेकडो वर्षं हेच केलं’ असं लिहून तू थांबलीस. ते वाचायला छान वाटतं, पण त्यात विचार पुढे सरकत नाही. एक ठाम मत जाऊन त्याजागी दुसरं ठाम मत आलं, एवढंच. मत बदलल्यावर तू ते कशावर घासून पाहिलंस, हे दिसायला हवं.

त्यासाठी मानशीवर, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारांपाशी जा. ओहोटीला दारं उघडून शेतातलं पाणी बाहेर पडतं आणि भरती आली की पाण्याच्याच दाबानं ती मिटतात, हे नीट उभं राहून बघ. मग विचार : दाराची फळी कुजली तर पैसे कोण देतं? मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव होतो, तो कोण घेतं? घेणाऱ्याचं तिथे शेत आहे का? जास्त मासळीसाठी खारं पाणी जास्त वेळ आत घेतलं, तर नफा त्याचा आणि नुकसान कोरगुट भात पिकवणाऱ्याचं. नियम मोडणारा आणि त्याची किंमत मोजणारा वेगळे झाले की ऑस्ट्रॉम यांची अट तिथेच तुटते. 1964 च्या कूळ कायद्यानंतर बांधाची जबाबदारी कूळसंघांकडे आली. तुमच्या संघाची बैठक खरोखर होते का, तेही विचार.

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. जुन्या गावकारीत हक्क पुरुषांच्या वंशातून चालत. तू त्या काळी असतीस तर नियम करणाऱ्यांत तुला जागा नसती; बांधावर माती टाकणाऱ्या मजुरांनाही नव्हती. मग ‘समाजानं सांभाळलं’ म्हणताना समाज म्हणजे कोण? हा प्रश्न तुला खरंच सतावत असेल तरच लिही. मी सुचवला म्हणून घातलास तर मुलाखतीत पुढचा प्रश्न आला की अडकशील. मानशीवर तुला वेगळंच काही खटकलं, तर ते याहून चांगलं.

शेवटी उत्तर द्यायलाच हवं असं नाही. ऑस्ट्रॉम यांनी सिंचन, मासेमारी, जंगलं पाहिली. पण खाजनात शेती आणि मासेमारी एकाच दारातून चालतात, आणि दोघांची गरज उलटी असते. एवढं नेमकं लिहून त्यातलं काय तुला अजून शिकायचंय ते सांगितलंस, तर अर्थशास्त्र का घ्यायचंय याचं वेगळं स्पष्टीकरण लागणार नाही. 250 शब्दांचे पूरक निबंध मागणाऱ्या कॉलेजांसाठी मात्र गावकारीचा भाग गाळ. पप्पांचं वाक्य, ऑस्ट्रॉम आणि मानस एवढंच पुरे.

पप्पांना सोबत घेऊन जा, त्यांचं म्हणणंही लिहून घे. नवा मसुदा लिहिताना जुना समोर ठेवू नकोस. झाला की पेन्सिलीच्या रेघांसकट पाठव.