विलापाचं स्तोत्र स्वतःपुरतं लिहिताना

प्रश्न: बाबा गेल्यापासून प्रार्थना जमत नाही. स्तोत्रांसारखा विलाप लिहायचाय, फक्त स्वतःला वाचायला. शेवट विश्वासाचा हवा, पण खोटा नको. कसं लिहू?

उत्तर: बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं तेरावं स्तोत्र समोर ठेवा. सहाच ओव्या आहेत. पहिल्या दोनांत ‘किती काळ’ हा प्रश्न चारदा येतो: देव विसरलाय, तोंड लपवतोय, जिवाला घोर लागलाय, शत्रू वरचढ झालाय. पुढच्या दोनांत मागणं, शेवटच्या दोनांत भरवसा.

सगळं देवाला ‘तू’ म्हणून लिहा. ‘देव असं का करतो?’ असं लिहायला लागलात की विलाप संपून निबंध सुरू होतो. ओळी जोडीने येऊ द्या. दुसरीने पहिलीचंच दुःख आणखी जवळून दाखवावं:

किती दिवस, प्रभू, ही खुर्ची रिकामी बघू?
किती दिवस दोन कप चहा टाकून एक मोरीत ओतू?

ते स्तोत्र गायकांच्या प्रमुखाकडे सोपवलेलं आहे, म्हणजे चारचौघांत गायचं. त्यातला शत्रू बिननावाचा आहे, त्यामुळे ज्याला त्याला आपला शत्रू तिथे दिसतो. तुमचं कोणी वाचणार नाही, तेव्हा नावं, तारखा, औषधं, सगळं बिनधास्त लिहा.

मागणं छोटं असावं आणि त्याला कारण जोडावं. स्तोत्रकर्ता म्हणतो, माझ्या डोळ्यांत प्रकाश घाल, नाहीतर मला मरणाची झोप लागेल. देवाशी असं हुज्जत घालून बोलणं तिथे चालतं. तुम्ही लिहाल:

माझ्याकडे बघ. आज रात्री झोप दे,
नाहीतर सकाळी तुझं नाव तोंडात यायचं नाही.

आता शेवट. चौथ्या आणि पाचव्या ओवीच्या मध्ये काहीही बदललेलं नाही, शत्रू आहे तिथेच आहे. तरी स्तोत्रकर्ता म्हणतो, मी तर तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे, आणि मी गाईन. भरवसा आधीच ठेवून झालाय, गाणं अजून व्हायचंय. आत्ता बरं वाटतंय असं तो कुठेच म्हणत नाही. म्हणून ‘तू करतोस ते भल्यासाठीच’ अशी ओळ आली की खोडा. ते स्पष्टीकरण झालं, आणि तुम्हाला जो खोटेपणा नको आहे तो बहुतेक तिथूनच शिरतो. त्याऐवजी डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट आणि करता येईल असं एक काम लिहा:

तरी मी तुझ्यावर भरवसा ठेवला आहे.
शेवटच्या रात्री नर्सच्या हातून तू बाबांचे ओठ ओले केलेस,
ते मी पाहिलं.
रविवारी मी गाईन, आवाज फुटला नाही तरी उभी राहीन.

अशी आठवण आज सापडलीच नाही तर ओढूनताणून आणू नका. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र अंधारातच संपतं आणि तेही त्याच संग्रहात आहे. मागण्यापाशी थांबा, खाली तारीख घाला. शेवटच्या ओळी सुचतील तेव्हा त्याच कागदावर, वरचं काही न खोडता लिहा.